स्लॅबच्या दिवशी डोकं दुखू लागलं तर

विदर्भात मे महिन्यात घराचा स्लॅब टाकायचा असेल तर ठेकेदार पहाटेच माणसं बोलावतो. उजाडता उजाडता मिक्सर सुरू झाला तर बरं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण खडीचा ट्रक वेळेवर येत नाही, सेंटरिंगचा एखादा टेकू ढिला निघतो, लाइट जाते, आणि पहिलं घमेलं वर चढायला साडेआठ वाजतात. एकदा माल पडायला लागला की मग थांबता येत नाही. आधी टाकलेलं काँक्रीट आवळलं आणि त्याला लागून दोन तासांनी नवं टाकलं, तर मध्ये सांधा राहतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच छत गळतं. म्हणून स्लॅबच्या दिवशी जेवणाची सुट्टी पुढे ढकलली जाते, सावलीत टेकणं राहून जातं आणि पाणी पिणंही ‘हा फेरा झाला की’ म्हणत मागे पडतं. उन्हाच्या धोक्याला याहून सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही.

अशा कामावरचा एक बिगारी डोळ्यासमोर आणू. प्रसंग रचलेला आहे, पण यातली एकही गोष्ट अशी नाही जी कामावर घडत नाही. वय २२, वजन ५० किलो. गावाकडून येऊन दुसराच दिवस. सकाळी चहा आणि एक बिस्किटाचा पुडा एवढ्यावर निघालेला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि कडेने आठ-दहा माणसांची रांग. घमेलं हातोहात पुढे सरकत असतं, त्यामुळे एकाने थांबायचं म्हटलं तर सगळी रांग थांबते.

आता त्याच्या पाण्याचा हिशेब मांडू. एवढ्या मेहनतीत, एवढ्या उन्हात माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर घाम सहज जातो. साडेआठ ते साडेबारा म्हणजे चार तास, चार लिटर. त्याने मधेमधे मिळून प्यायलेलं पाणी दीड लिटर. तूट अडीच लिटरची, म्हणजे त्याच्या वजनाच्या ५ टक्के. वजनाच्या २ टक्के पाणी कमी झालं तरी माणसाचं काम मंदावतं; ५ टक्क्यांना रक्त दाट होतं, नाडी धावू लागते आणि पुढे घाम काढायला शरीराजवळ पाणीच पुरत नाही. गंमत अशी की कोरड्या हवेत हे त्याचं त्याला कळत नाही. विदर्भातल्या उन्हात घाम कातडीवर आला की लगेच उडतो, अंग ओलं वाटतच नाही. खूण दिसते ती सदऱ्यावर. पाठीवर, काखेपाशी पांढुरक्या कडा उमटतात. ते घामातलं मीठ. दुपारी कुणाच्या सदऱ्यावर असे नकाशे दिसले तर त्याला नुसतं पाणी नाही, मीठही लागणार आहे असं समजावं.

अकराच्या सुमारास आपल्या बिगाऱ्याचं डोकं दुखायला लागलं. आधी कपाळ जड, मग कानशिलं ठणकायला लागली. खाली वाकलं की कळ वाढते. आपल्याकडे याला ‘ऊन चढलं’ म्हणून सोडून देतात, आणि दहापैकी बऱ्याच वेळा ते तेवढंच असतंही. उन्हातल्या डोकेदुखीला कारणं अनेक. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. पोटात अन्न नसतं. ओल्या पांढुरक्या काँक्रीटवरून येणारी तिरीप डोळ्यांत जाऊन भुवया आणि मानेचे स्नायू आखडतात, त्यात डोक्यावरचं ओझं मान आणखी दाबतं. ज्याला मुळात अर्धशिशी आहे, त्याची अर्धशिशी तर अशा उन्हात हमखास उठते. यातलं नेमकं कुठलं कारण आहे हे कामावर कळण्याचा उपाय नाही आणि गरजही नाही. डोकेदुखी ही शरीराने दिलेली पहिली सूचना. तिला उत्तर एकच, आणि ते स्वस्त आहे: सावलीत बसवणं.

सावली म्हणजे खरी सावली हवी. नुकत्याच टाकलेल्या पत्र्याखालची सावली ही सावली नव्हे, तापलेला पत्रा वरून भट्टीसारखा तापवत राहतो. कडुनिंबाखाली, किंवा आधीच पूर्ण झालेल्या खालच्या मजल्यावर, जिथे दोन बाजूंनी वारा येतो तिथे. चुंबळ, टोपी, बूट काढायचे, सदऱ्याची बटणं सोडायची. मान आणि तोंडावर ओला दुपट्टा. पाणी गटागटा नाही, पेलाभर, थोडं थांबून पुन्हा पेलाभर. ओआरएसची पुडी असेल तर उत्तम, पण पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ढवळून ‘कडक’ पाजणारे भेटतात. ते मिठाचं पाणी पोटात गेल्यावर उलटीच होते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताक चालतं. कैरीचं पन्हं चालतं, त्यात मीठ पडलेलं असतं म्हणून.

आणि मग घड्याळ बघायचं. अर्ध्या तासात डोकं हलकं व्हायला लागलं, तासाभरात उतरलं, लघवीला झालं, भूक लागली, तर ती उन्हाची साधी डोकेदुखी होती किंवा उष्णतेने आलेला थकवा होता. त्या दिवशी त्याला पुन्हा घमेलं उचलायला लावू नये. तासाभराने दुखणं तसंच आहे, किंवा त्यात उलट्या, पोटऱ्यांत गोळे, उभं राहिलं की घेरी असं काही वाढत गेलं, तर दवाखाना. ज्याने सकाळपासून भरपूर साधं पाणी प्यायलंय, पोट डबडबलंय आणि तरीही डोकं दुखतंय, मळमळतंय, त्याला आणखी साधं पाणी पाजत बसू नये. घामावाटे मीठ गेलं आणि भरपाई फक्त पाण्याने झाली की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखीनेच होते. असं कमी वेळा होतं, पण ते दवाखान्याचंच काम आहे.

आपल्या बिगाऱ्याने मात्र बसायचं म्हटलंच नाही. दुसराच दिवस, नवीन माणूस, ‘नाजूक’ म्हणून हसतील ही भीती. शेजारच्याने खिशातली अंगदुखीची गोळी दिली, ती त्याने रिकाम्या पोटी घेतली. ही गोळी कामावर खिशाखिशात सापडते. एरवी ती निरुपद्रवी वाटते, पण अंगातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. शिवाय दुखणं तेवढ्यापुरतं दबतं आणि शरीराने दिलेली सूचनाही त्याबरोबर दबते. तो पुन्हा रांगेत उभा राहिला.

इथून पुढे आत काय चाललं होतं ते बघू. मेहनत करणारे स्नायू उष्णता तयार करत असतात आणि वरून ऊन ती वाढवत असतं. शरीर ती घामाने आणि कातडीकडे रक्त वळवून बाहेर टाकतं. पण रक्त ठरावीकच असतं. स्नायूंनाही हवं, कातडीलाही हवं, आणि पाणी आटल्यामुळे ते मुळात कमी झालेलं. मग शरीर आतड्यांकडचं रक्त कापतं. म्हणून मळमळतं, म्हणून उलटी होते. आणखी थोडा वेळ गेला की आतड्यांचं अस्तर झिरपायला लागतं आणि आतले जंतूंचे विषारी अंश रक्तात उतरतात. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. याच सुमारास मेंदू बिघडायला लागतो, आणि त्या क्षणापासून याला उष्माघात म्हणायचं. आधीचा सगळा थकवा कितीही वाईट दिसला तरी तो थकवाच. मेंदू चुकायला लागला की उष्माघात. मधली रेघ ही एवढीच आहे.

ती रेघ ओलांडल्याचं ओळखायचं कसं, यात आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. शाळेपासून शिकवलेलं असतं की उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी आणि तापलेली होते. हे खरं आहे ते घरात, पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस तापत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं. त्यांचा उष्माघात हळूहळू येतो. राबणाऱ्या तरुण माणसाचा उष्माघात तासा-दोन तासांत येतो आणि बऱ्याचदा तो घामाने निथळत असतानाच कोसळतो. ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ या एका वाक्याने वेळ जातो. तसंच थर्मामीटरचं. काखेत लावलेला किंवा कपाळासमोर धरलेला थर्मामीटर अशा वेळी कातडीचं तापमान सांगतो, आतलं नाही. अंग ओलं असेल तर आकडा आणखी खाली येतो. काखेत ३८ दिसलं आणि आत ४१ असलं, तर त्या ३८ वर विसंबणं अंगाशी येतं. कामावर आतलं तापमान मोजायचं विश्वासाचं साधन नसतं, म्हणून निदान बोलण्यावरून करायचं.

साडेबाराला आपल्या बिगाऱ्याने घमेलं पुढच्याच्या हातात न देता रिकाम्या जागी ठेवलं. पुढच्याने हाक मारली तर तो त्याच्याकडे बघत राहिला. मग उगाच हसला. दोन पावलं टाकली ती वाकडी पडली. मुकादमाला वाटलं, सकाळीच लावून आलाय. उन्हातला तोल जाणारा, बरळणारा, चिडून अंगावर येणारा मजूर ‘प्यालेला’ समजून कोपऱ्यात झोपू दिला जातो, आणि तासाभराने कुणी उठवायला गेलं की तो उठत नाही. समजा तो खरंच प्यालेला असला तरी त्याने उष्माघात नसतो हे सिद्ध होत नाही. दारूने अंगातलं पाणी आणखी कमी होतं आणि उष्माघात लवकर येतो.

सुदैवाने एका गवंड्याने जवळ जाऊन विचारलं, “काय झालं बे? कोन्या गावचा हाय तू?” त्याला गावाचं नाव सांगता येईना. “आज वार कोनता?” याचंही उत्तर नाही. साधे दोन-तीन प्रश्न: गाव, वार, समोरच्या माणसाचं नाव. उन्हात राबणारा माणूस यांची उत्तरं चुकला, अडखळला, विचित्र वागला किंवा निपचित पडला, की आणखी कुठल्याही खुणेची वाट पाहायची नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरल्यावर किंवा मेंदूचा झटका आल्यावरही माणूस असाच वागतो. पण ते ठरवण्यात वेळ घालवू नये. ऊन असेल, मेहनत असेल, तर उष्माघात धरून चालायचं.

आता सगळ्यांच्या मनात पहिली गोष्ट येते ती गाडी. उचला, सुमोत घाला, तालुक्याला न्या. ही घाई माणुसकीची असते, पण ती जिवावर बेतते. तालुक्याचं रुग्णालय २० किलोमीटरवर. उन्हात उभी असलेली गाडी आतून आधीच तापलेली. तीत चार माणसांच्या मध्ये कोंबलेला तरुण ४०-४५ मिनिटं आणखी तापत राहणार. उष्माघातात इंद्रियांची हानी किती होईल हे आतलं तापमान कुठवर गेलं यापेक्षा ते किती वेळ वर राहिलं यावर अधिक अवलंबून असतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवलं तर बहुतेक तरुण माणसं वाचतात, आणि तो अर्धा तास रुग्णालयात नाही, कामावरच संपतो. म्हणून जगभरातल्या लष्करी आणि खेळाच्या डॉक्टरांचा नियम ठरलेला आहे: आधी गार करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी पाणी आणायचं. दोन्ही एकाच वेळी.

बांधकामावर यासाठी लागणारं सगळं सामान पडलेलं असतं. सिमेंटच्या गोण्या झाकायची ताडपत्री घ्यायची. सावलीत पसरून त्याला तिच्यावर निजवायचं, सदरा आणि बूट काढायचे, अंगावर आतले कपडे तेवढे ठेवायचे. चार-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरायच्या, म्हणजे मध्ये खोलगट भाग तयार होतो. त्यात बादल्या ओतायच्या. दहा बादल्या, म्हणजे साधारण दीडशे लिटर पाणी, पुरे होतं. थंड पेयाच्या गाडीवरून किंवा मासळीवाल्याकडून बर्फाची लादी मिळाली तर फोडून त्यात टाकायची. एकाने डोक्यामागे बसून त्याचं डोकं आणि तोंड पाण्यावर धरून ठेवायचं, हे काम करणाऱ्याने दुसरं काहीही करायचं नाही. बाकीच्यांनी कडा हळूहळू खालीवर करून पाणी हलतं ठेवायचं, कारण थांबलेलं पाणी अंगालगत तापतं. बर्फ टाकलेल्या अशा पाण्यात आतलं तापमान सहा-सात मिनिटांत एका अंशाने उतरतं. ४१.५ वरून ३९ वर यायला १५ ते २० मिनिटं लागतात. रुग्णवाहिका बहुतेक ठिकाणी त्यानंतरच पोचते.

पाणी कुठलं, हा बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला तर मे महिन्यात पहिल्यांदा येतं ते चटका बसेल असं पाणी. ते अंगावर ओतू नये. नळ सोडून ठेवून हात घालून बघावं. बोअरचं ताजं पाणी किंवा सावलीतल्या हौदातलं पाणी बरं. बर्फ मिळाला नाही म्हणून थांबू नये. हाताला गार लागेल असं कुठलंही पाणी चालतं, जरा जास्त वेळ लागतो एवढंच.

ताडपत्री धरायला माणसं नाहीत, शेतात दोघंच आहेत, असं असेल तर झाडाखाली निजवून डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओतत राहायचं आणि पुठ्ठ्याने, सुपाने, जे हाताशी असेल त्याने जोरजोरात वारा घालायचा. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कारण पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. ओली चादर गुंडाळायची असेल तर दर एक-दोन मिनिटांनी ती पुन्हा गार पाण्यात बुडवून काढायची. एकदा गुंडाळून तशीच ठेवलेली चादर पाच मिनिटांत अंगाएवढी तापते आणि मग ती पांघरुणाचं काम करते. काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं हे चित्रांत नेहमी दिसतं. ते जोडीला ठीक आहे, पण एकट्याने फार सावकाश काम करतं. पाणी सगळ्या अंगावर हवं.

‘तापलेल्या अंगावर गार पाणी टाकलं की झटका बसतो’ हे वाक्य या वेळी कुणीतरी वडीलधारं म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालायला वेळ नसतो. मेहनत करताना कोसळलेल्या तरुण माणसाला गार पाण्यात ठेवणं हाच त्याला वाचवणारा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. वयस्कर किंवा हृदयरोग असलेल्या माणसाला मात्र पाण्यात बुडवण्याऐवजी पाणी ओतून वारा घालावा. गार करणं त्यालाही चुकत नाही.

काही गोष्टी करायच्या नाहीत. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करावं. झटके आले तर हातपाय दाबून धरू नये, दातांत चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये. कांद्याचा रस तळपायाला चोळल्याने अपाय नाही, पण जे दोन हात तो चोळतात तेच दोन हात पाणी ओतू शकतात. आणि पॅरासिटामॉल देऊ नये. ते ताप उतरवतं कारण तापात मेंदूने स्वतःच तापमान वर नेऊन ठेवलेलं असतं. उष्माघातात मेंदूने तसं काही केलेलं नसतं, शरीराची गरमी बाहेर टाकायची ताकदच संपलेली असते. गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच भाजून निघालेल्या यकृतावर तिचा बोजा पडतो. श्वास थांबला असेल तर मात्र पाणी बाजूला ठेवून छातीवर दाब देणं सुरू करावं.

थांबायचं कधी? माणूस नीट बोलायला लागला, गाव सांगू लागला, किंवा थरथर कापायला लागला की पाण्यातून काढावं. थर्मामीटरचा भरवसा नाही, म्हणून पाण्यात ठेवून पंधरा-वीस मिनिटं झाली तरी काढायला हरकत नाही. नुसतं पाणी ओतून वारा घालत असाल तर रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावं. काढल्यावर पुसून सावलीत ठेवावं आणि तापतोय का, पुन्हा बरळतोय का हे बघत राहावं.

हे सगळं विदर्भाचं, कोरड्या उन्हाचं झालं. कोकणपट्टीवर आकडे फसवतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, चंद्रपूरकर ज्याला ‘आज जरा बरं आहे’ म्हणेल इतकंच. ती माणसं घमेली उचलत नव्हती, बसलेली होती. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेला घाम अंग गार करत नाही. त्यात हवामान खात्याचा आकडा हा सावलीतल्या, झडपांच्या लाकडी पेटीतल्या तापमापकाचा असतो. उघड्या उन्हातल्या माणसाला त्याच्या वर सात-आठ अंशांची झळ सोसावी लागते. खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश अशी वेगळी पायरी ठेवली आहे ती यासाठीच. बंदरावर, मिठागरात, मुंबईच्या मेट्रोच्या कामावर राबणाऱ्यांनी अकोल्याचा आकडा बघून स्वतःला सुरक्षित समजू नये. अशा दमट हवेत वारा घालण्याचा उपयोग कमी, तिथे बर्फ घातलेलं पाणीच हवं.

पुन्हा त्या बिगाऱ्याकडे. त्याच्याबाबत सगळ्यात जास्त धोक्याची गोष्ट ऊन नव्हतं, ‘दुसरा दिवस’ ही होती. उन्हात काम करायची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत लागते. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. ही सवय लागण्याआधीच्या पहिल्या काही दिवसांत कामावरचे उष्माघाताचे मृत्यू एकवटलेले असतात, असं अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याच्या नोंदींतून दिसलं आहे. त्यावरून तिथे एक साधी पद्धत सुचवतात: नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच उन्हातलं काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ, पाचव्या दिवशी पूर्ण. लग्नाकार्यासाठी किंवा आजारपणाने आठवडाभर गेलेला जुना माणूसही परत आला की निम्म्यावरून सुरू करतो, कारण सवय तेवढ्यात उतरायला लागते. आपल्याकडे रोजंदारीवरच्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम आणि पूर्ण रोज कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पण स्लॅबच्या रांगेत नव्या माणसाला उन्हातल्या टोकाऐवजी मिक्सरजवळ सावलीच्या टोकाला उभं करणं आणि त्याला जुन्याची जोडी लावून देणं याला एक पैसा लागत नाही. त्याला काय काय खुणा दिसतात हे जोडीदाराने बघायचं, कारण मेंदू बिघडलेल्या माणसाला स्वतःचं बिघडलंय हे कळत नाही.

पाण्याचंही तसंच. तहान लागल्यावर पाणी, हा नियम या कामाला पुरत नाही. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी रांगेत जागेवरच फिरवावं लागतं, त्यासाठी एक माणूस नेमावा लागतो. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये. बायकांच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. कामावर आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून मुद्दामच पाणी पीत नाहीत. रोजगार हमीच्या कामावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर, कांदा काढणीच्या शेतात सगळीकडे हेच. तिथे पाण्याचा रांजण भरून ठेवण्याइतकंच तीन बाजूंनी कापड बांधलेला आडोसाही उष्माघाताच्या उपायात धरावा लागेल.

आपला बिगारी ताडपत्रीत बारा मिनिटांनी बोलायला लागला, पंधराव्या मिनिटाला कुडकुडला. आता तो ‘मी बरा आहे’ म्हणतो, दवाखान्यात जायचं नाही म्हणतो. तरी त्याला न्यायलाच हवं. तापून फुटलेल्या स्नायूंचे अंश रक्तात उतरून मूत्रपिंडं अडवतात, आणि यकृताची खरी हानी दोन-तीन दिवसांनी तपासणीत दिसते. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा होईनाशी झाली तर ती त्याचीच खूण. रुग्णालयात सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: बरळायला कधी लागला, गार करायला कधी सुरुवात केली आणि किती वेळ केलं, सकाळपासून किती पाणी प्यायला, आणि कुठली गोळी घेतली होती. आत येताना त्याचं तापमान ३८ भरेल आणि पहिल्या नजरेला साधा अशक्तपणा वाटेल. या चार उत्तरांशिवाय त्याला सलाइन लावून संध्याकाळी घरी पाठवलं जाण्याची शक्यता आहे. डॉक्टरांनी रक्त तपासून मोकळं केल्यावरही काही आठवडे तरी त्याला उन्हातलं जड काम देऊ नये, आणि दिलं तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसाच्या २० टक्क्यांपासून.